कापूर नाही, तूप तिकडे अडतं, अंगारा आणि तापीचं पाणी जातं

प्रश्न : दिराने लंडनला घर घेतलंय, पुढच्या महिन्यात वास्तुशांत आहे. आम्ही धुळ्याहून मुंबई आणि तिथून विमानाने निघणार. कापूर, घरचं तूप, एकविरा देवीचा अंगारा आणि प्रकाशाहून आणलेलं तापीचं पाणी सोबत नेता येईल का? कोणती वस्तू कोणत्या बॅगेत ठेवायची?

ताई, मी जळगावचा. लेक बर्मिंगहॅमला असते, त्यामुळे हे सगळं एकदा करून, पकडले जाऊन आणि मग नीट समजून घेऊन झालंय.

कापूर न्यायचाच नाही. हातातल्या बॅगेत नाही, लगेजमध्येही नाही, आणि एक वडीसुद्धा नाही. लोक समजतात की थोडासा असला तर चालतं. पण इथे प्रमाणाचा प्रश्नच येत नाही. विमान वाहतुकीच्या धोकादायक मालाच्या यादीत कापराला स्वतःचा क्रमांक आहे, यूएन २७१७, आणि वर्ग ४.१, म्हणजे सहज पेट घेणारा घन पदार्थ. प्रवाशाला सोबत नेता येणाऱ्या अपवादांची वेगळी यादी असते, त्यात कापूर नाही. कंपन्यांच्या बंदीच्या यादीत तो बहुतेक वेळा नावानिशी लिहिलेला असतो.

कारण आपल्या आरतीच्या ताटातच दिसतं. कापूर वितळायची वाट न पाहता घनावस्थेतूनच उडून जातो. डबी उघडी राहिली तर महिन्याभरात वड्या बारीक होतात, ते यामुळेच. पेटतो तो हा वाफारा, आणि साधारण ६५ अंशांच्या आसपास ठिणगी मिळाली तरी पेटतो. मागे राख राहत नाही म्हणून आपण त्याला शुद्ध म्हणतो, विमानवाले मात्र त्याच गुणाला घाबरतात. सामानाच्या कप्प्यात बॅग पेटली तर हवेत असताना तिच्यापर्यंत माणसाला पोचता येत नाही.

"भीमसेनी आहे, नैसर्गिक आहे, चालेल" असा सल्ला तुम्हाला मिळेल. यादीतल्या नोंदीत कृत्रिम कापूर असं लिहिलंय, त्यावरून हा वाद निघतो. पण तपासणाऱ्याला वडी झाडाची की कारखान्याची हे कळत नाही, आणि दोन्ही सहज पेटतात. कापराचं तेलसुद्धा वेगळ्या क्रमांकाने यादीत आहे. पंढरीच्या वारीत चालतो म्हणून विमानात चालेल, असं काही नाही.

आता माझीच गोष्ट. मुंबईत बॅगा देऊन, सुरक्षा तपासणी करून आम्ही आत बसलो होतो. स्पीकरवर माझं नाव आलं. कर्मचारी मला खाली घेऊन गेला. मोठ्या स्क्रीनवर आमची बॅग दिसत होती आणि साड्यांच्या मधे एक गोल डबी. "पूजा का सामान है?" त्याने विचारलं, म्हणजे त्याला रोजचंच होतं. बॅग उघडली, भीमसेनीची डबी काढली, कागदावर सही घेतली. मी सुटलो असं समजून निघालो, तर त्याने स्क्रीनवर दुसऱ्या जागी बोट ठेवलं. बायकोने बाजारातून तयार पूजासंच घेतला होता, पाकिटावर नुसतं "संपूर्ण पूजा साहित्य" लिहिलेलं. आत सुपारी, हळकुंड, कापूस, आणि तळाशी कापराची पुडी आणि काडेपेटी. तीही गेली. मग त्याने साडीची घडी उलगडली. कपाटात कसर लागू नये म्हणून बायको घडीत कापराच्या वड्या ठेवते, त्यांतल्या दोन तशाच आल्या होत्या. मला तर त्या घरच्या वासामुळे जाणवल्याच नव्हत्या. या तिन्ही गोष्टींत मिळून अर्धा तास गेला. परत वर पोचलो तेव्हा शेवटची हाक चालू होती.

म्हणून कापूर शोधायचा तो डबीत नाही, इतर ठिकाणी. तयार संच उघडून बघा, हवनसामग्रीची पाकिटं वाचा, साड्या झटकून घ्या, जुन्या देवघरातली ताटली आणि निरांजन धुऊन घ्या. बॅग देताना धोकादायक वस्तू नाहीत असं तुम्ही मान्य करत असता, ऑनलाइन चेक-इनमध्ये त्यासाठी टिक करावी लागते. ती टिक करताना सासूबाईंच्या पिशवीत काय आहे ते खरंच माहीत असलेलं बरं. भारतात या गोष्टींना धोकादायक मालाच्या नियमांचा कायदेशीर आधार आहे. काडेपेटी आणि लायटरही इथून नेऊ नका, तिकडे स्वयंपाकघरात सापडतील.

आणि कुरिअरने पाठवू, असंही नको. कुरिअरही विमानानेच जातं. लंडनला वेंब्लीत, साउथॉलमध्ये आपली दुकानं आहेत, कापूर तिथे वाण्याकडे मिळतो. दिरांना एक दिवस आधी आणायला सांगा. माझी आई म्हणायची, "कापूरबिगर आरती व्हस का?" व्हस ना, पण तिथला कापूर.

तुपाचं उत्तर दोन ठिकाणी आहे आणि लोक फक्त पहिलं बघतात. मुंबईतून निघताना तूप हा द्रव किंवा घट्ट लेप धरला जातो. थंडीत डब्यात गोठलेलं असलं तरी सुरक्षेच्या दृष्टीने ते द्रवच. आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातल्या बॅगेत १०० मिलीपेक्षा मोठ्या भांड्यात नेता येत नाही. लगेजमध्ये पक्कं बांधून बहुतेक कंपन्या नेऊ देतात, किती किलो ते ज्या त्या कंपनीने ठरवलेलं असतं. एवढ्यावर थांबलं असतं तर मी म्हटलं असतं, एक किलो घ्या.

पण ब्रिटनमध्ये भारतातून दूध आणि दुधाचे पदार्थ वैयक्तिक वापरासाठीही नेता येत नाहीत. तूप हा दुधाचाच पदार्थ. बॅग विमानाने सुखरूप पोचते आणि सीमाशुल्कवाल्यांनी थांबवलं तर डबा काढून नष्ट करतात. घरच्या गाईचं, रवी लावून कढवलेलं तूप तिथल्या कचऱ्यात जातं, याचं दुःख मला कापरापेक्षा जास्त होतं. पेढे आणि खव्याची मिठाईही त्याच नियमात येतात. तुपात भिजवलेल्या फुलवातीही नेऊ नका. कोऱ्या, कोरड्या वाती न्या, तूप तिथल्या दुकानातून घ्या. एखादा डबा चुकून सोबत राहिलाच, तर सांगण्यासारखं काही नसलेल्यांच्या हिरव्या वाटेने निघून जाण्यापेक्षा सीमाशुल्कवाल्यांना स्वतःहून सांगून द्या.

हेच सामान तुम्ही जळगावहून हैदराबादला घेऊन जात असता, तर तूप लगेजमध्ये बिनधास्त चाललं असतं. झाकणाला टेप आणि दोन पिशव्या एवढंच लागलं असतं. आपल्याकडे उन्हाळ्यात तूप घट्ट राहतच नाही, आणि स्टीलच्या डब्याचं नुसतं दाबलेलं झाकण बॅग आपटली की सुटतं. आटीचं झाकण हवं.

अंगाऱ्याला बंदी नाही. त्रास होतो तो भुकटी दिसते म्हणून. तपासणी करणाऱ्याच्या पडद्यावर राखाडी पावडर ही राखाडी पावडर असते, ती एकविरेची हे त्याला दिसत नाही. अमेरिकेला जाणाऱ्या विमानांत हातातल्या बॅगेत ३५० मिलीपेक्षा जास्त भुकटी असली तर २०१८ पासून जादा तपासणी होते. तुम्ही लंडनला चाललात, तरी रीत तीच ठेवा. देवळातून मिळालेली पुडी फोडून डब्यात भरू नका, छापील पुडीवर देवीचं नाव असतं ते कामाला येतं. दोन-चार पुड्या हातातल्या बॅगेत आणि जास्त असेल तर लगेजमध्ये. कधीकधी कापडाची पट्टी फिरवून स्फोटकाची तपासणी करतात, तेव्हा घाईने बोलू नका, मिनिटभराचं काम असतं.

इथे एक खबरदारी, अंगारा म्हणजे राख, शेण नाही. वास्तुशांतीसाठी म्हणून कोणी गोवऱ्या भरून देतील, त्या घेऊ नका. २०२१ मध्ये वॉशिंग्टनजवळच्या डलस विमानतळावर भारतातून आलेल्या बॅगेत गोवऱ्या निघाल्या होत्या, त्या जनावरांच्या तोंडखुरी रोगाच्या भीतीने नष्ट केल्या. हवन करायचं तर भटजींना गोवऱ्यांची तिथली सोय विचारा.

पाणी सगळ्यात सोपं. तापीचं असो की गंगेचं, नियमाला ते पाणीच. फरक पडतो तो भांड्याने. हातातल्या बॅगेत १०० मिली म्हणजे भांड्याचा आकार १०० मिली. २०० मिलीच्या बाटलीत घोटभर पाणी असलं तरी ती काढून घेतात. जास्त न्यायचं असेल तर लगेजमध्ये, तिथे ही मर्यादा लागत नाही.

काशीला मिळते तशी झाळ लावून बंद केलेली तांब्याची गंगाजळी नेणार असाल, तर ती लगेजमध्येही अडवली जाऊ शकते. तांब्याच्या पत्र्याआड काय आहे ते क्ष-किरणांत नीट दिसत नाही, गडद ठिपका दिसतो आणि मग फोडा म्हणतात. साध्या पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत न्या, गडू रिकामा वेगळा न्या आणि तिकडे पोचल्यावर भरा.

बाटली भरण्यातही एक खुबी आहे. विमान वर असताना आतला हवेचा दाब जमिनीवरच्या साधारण तीन चतुर्थांश उरतो. बाटलीत अडकलेली हवा तेवढी फुगते आणि पाण्याला झाकणातून बाहेर ढकलते. म्हणून गळ्यापर्यंत भरा, बाटली हलकेच चेपा, हवा निघाली की तशीच चेपलेली असताना झाकण लावा. वर गेल्यावर ती फुगून पूर्ववत होते, गळत नाही. प्रकाशाचं पाणी पावसाळ्यात गढूळ असतं, ते आदल्या रात्री निवळून, सुती फडक्यातून गाळून भरलं तर तळाला गाळ दिसत नाही. बाटलीवर मराठीत आणि इंग्रजीत "नदीचं पाणी, पूजेसाठी" अशी चिठ्ठी चिकटवा आणि झिप पिशवीत घाला.

तुम्ही विचारलं नाही, पण खान्देशातून जाताय म्हणून लिहितो. सुकं खोबरं आणि वाळलेला नारळ यांचाही घोळ आहे. खोबऱ्यात तेल भरपूर असतं आणि ढिगात ते आपोआप तापून पेटू शकतं, म्हणून सुकं खोबरंही धोकादायक मालाच्या यादीत आहे. ओटीच्या नारळाची पिशवी, काळ्या मसाल्याची खोबरेवाटी किंवा घरातला कानबाईचा जुना नारळ, तिन्ही लगेजमध्ये काढून घेऊ शकतात. शबरीमलाच्या यात्रेकरूंना नारळ सोबत ठेवायची सवलत २०२४ च्या हंगामात सरकारने दिली होती, पण ती त्यांच्यापुरती आणि त्या मोसमापुरती होती. वास्तूच्या कलशाचा नारळ दिरांना लंडनलाच घ्यायला सांगा, आणि तिथला धुराचा गजर कुठे आहे तेही विचारून ठेवा. हवनाच्या वेळी आमच्या लेकीकडे तो वाजला, शेजारच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि मग प्रसाद घेऊन गेल्या.