छेदासाठी ‘गुणाकार’ कशाला?

प्रश्न: “संदर्भमुक्त भाषा आणि नियमित भाषा यांचा छेद संदर्भमुक्तच राहतो, हे सिद्ध करताना ‘गुणाकार यंत्र’ बांधतात. छेद घ्यायचा असताना हा गुणाकार कशाचा? स्टॅकचाही होतो का?”

‘छेद’ आणि ‘गुणाकार’ हे दोन्ही शब्द अंकगणितातून ओळखीचे असल्यामुळे येथे घोटाळा होतो. अपूर्णांकातील छेदाशी या छेदाचा काही संबंध नाही. येथे तो संचांचा छेद आहे, म्हणजे दोन्ही भाषांत असलेल्या चिन्हमाला तेवढ्या घ्यायच्या. गुणाकार मात्र भाषांचा नव्हे, तर यंत्रांच्या स्थितींचा होतो, आणि तोही संचांच्या कार्टेशियन गुणाकाराच्या अर्थाने: संदर्भमुक्त भाषा ओळखणाऱ्या स्टॅक यंत्राची एक स्थिती आणि नियमित भाषा ओळखणाऱ्या, स्टॅक नसलेल्या ऑटोमॅटनची एक स्थिती मिळून जी जोडी होते, ती नव्या यंत्राची एक स्थिती. एका यंत्राला ३ आणि दुसऱ्याला ३ स्थिती असतील, तर नव्या यंत्राला ९. स्टॅक एकच राहतो, आणि तो पूर्णपणे मूळ स्टॅक यंत्राच्याच नियमांनी चालतो.

उदाहरण म्हणून n किमान १ असलेल्या aⁿbⁿ या चिन्हमाला घेऊ. त्यांचे स्टॅक यंत्र s या स्थितीत प्रत्येक a साठी स्टॅकवर एक खूण ठेवते, पहिला b येताच एक खूण काढून t मध्ये जाते, पुढच्या प्रत्येक b ला आणखी एक खूण काढते, आणि तळाचे चिन्ह दिसले की काहीही न वाचता f या स्वीकारस्थितीत जाते. नियमित भाषा अशी घेऊ की चिन्हमालेच्या लांबीला ३ ने निःशेष भाग जावा. तिच्या ऑटोमॅटनला फक्त ०, १, २ ही बाकी लक्षात ठेवावी लागते. aaabbb वाचताना जोड्या अशा बदलतात:

```
(s,0) -a-> (s,1) -a-> (s,2) -a-> (s,0)
(s,0) -b-> (t,1) -b-> (t,2) -b-> (t,0)
(t,0) -ε-> (f,0)
```

नव्या यंत्राची स्वीकारस्थिती एकच, (f,0), कारण दोन्ही घटकांनी होकार द्यायला हवा. ab वाचल्यावर यंत्र (f,2) मध्ये पोहोचते. स्टॅक यंत्र राजी असते, ऑटोमॅटन नसते, म्हणून चिन्हमाला नाकारली जाते.

शेवटच्या ओळीतील ε, म्हणजे काहीही न वाचता टाकलेले पाऊल, हीच या रचनेतील हमखास चुकण्याची जागा आहे. त्या पावलात स्टॅक यंत्र एकटेच हलते. ऑटोमॅटनने काही वाचलेलेच नसल्यामुळे त्याची बाकी तशीच राहिली पाहिजे. दोघांनी नेहमी बरोबरच हलायचे असे समजून येथेही बाकी एकने वाढवली, तर aaabbb नाकारली जाते आणि ab, जिची लांबी २ आहे, ती स्वीकारली जाते. त्यामुळे ही चूक झाली आहे की नाही, हे पाहण्यासाठी ab ही एकच चिन्हमालाही पुरते.

आता छेद संदर्भमुक्त का राहतो, हे वेगळे सांगायला फारसे उरत नाही. नव्या यंत्राच्या कोणत्याही वाटचालीत जोडीचा पहिला घटक तेवढा पाहिला, तर ती मूळ स्टॅक यंत्राची वाटचाल असते, आणि दुसरा पाहिला, तर ऑटोमॅटनची. उलट, एकाच चिन्हमालेवरच्या अशा दोन वाटचाली एकमेकींशी जुळवून नव्या यंत्राची वाटचाल तयार करता येते. ऑटोमॅटनची सगळी स्मृती सांत असते, म्हणून ती जोडीच्या दुसऱ्या घटकात मावते. तयार झालेले यंत्र शेवटी एक स्टॅक असलेले साधे स्टॅक यंत्रच आहे, आणि अशी यंत्रे नेमक्या संदर्भमुक्त भाषाच ओळखतात. बार-हिलेल, पर्लेस आणि शमीर यांनी १९६१ मध्ये हाच निष्कर्ष व्याकरणाच्या बाजूने मांडला होता. यंत्राच्या भाषेत तो अधिक लवकर पटतो, असे मला वाटते.

दोन्हीकडे स्टॅक असला, की ही युक्ती संपते. aⁿbⁿcᵐ आणि aᵐbⁿcⁿ या प्रत्येकी संदर्भमुक्त भाषा आहेत, पण त्यांचा छेद aⁿbⁿcⁿ आहे आणि तो संदर्भमुक्त नाही. पहिल्या यंत्राला b वाचताना खुणा काढायच्या असतात, तर दुसऱ्याला त्याच b साठी खुणा ठेवायच्या असतात. एका स्टॅकवर ही दोन्ही कामे एकाच वेळी होत नाहीत, आणि स्टॅकवर कितीही खुणा साठू शकत असल्यामुळे दुसरा स्टॅक स्थितींच्या सांत जोड्यांत कोंबताही येत नाही.