कोल्ड्रिंकच्या अख्ख्या बाटलीत साखर किती चमचे, कसं काढायचं?

प्रश्न: बाटलीवर १०० मिलीला साखर १०.६ ग्रॅम लिहिली आहे, बाटली ७५० मिलीची आहे. मग पूर्ण बाटलीत किती चमचे साखर झाली?

उत्तर: जवळपास २० चमचे.

हिशोब असा, ७५० मिलीत १०० मिली साडेसात वेळा बसतात, म्हणून १०.६ ला साडेसातने गुणायचं. सात वेळा ७४.२, वरचे अर्ध्याचे ५.३, झाले ७९.५ ग्रॅम. चहाच्या सपाट चमच्यात साधारण ४ ग्रॅम साखर मावते, म्हणून ४ ने भागलं की २० ला टेकतंच. सव्वा लिटरची बाटली असली तर साडेबाराने गुणा, बाकी सगळं तेच.

आता गडबड कुठे होते ते सांगतो. उन्हाळ्यात पाहुणे आले तेव्हा माझ्या पुतण्याने लेबल वाचून सांगितलं, काका, पाचच चमचे आहेत. पोट्ट्याचा भागाकार बरोबर होता पण त्याने शेजारचा रकाना वाचला होता, एका सर्व्हिंगचा, आणि त्या बाटलीवर सर्व्हिंग धरलं होतं २०० मिली. म्हणजे २१.२ ग्रॅम, पाच चमचे, पण ते एका ग्लासाचे, बाटलीचे नाही. म्हणून रकान्याच्या डोक्यावर काय लिहिलंय ते आधी वाचा, आणि बाटली किती मिलीची ते पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात असतं तिथून घ्या.

दुसरं म्हणजे लेबलावर एकूण साखर आणि खाली वरून घातलेली साखर अशा दोन ओळी असतात, त्यांची बेरीज करू नका, खालची वरच्यातच मोजलेली असते. साध्या कोल्ड्रिंकमध्ये दोन्ही आकडे बहुतेक सारखेच दिसतात, फळाचा रस असला तर वरचा थोडा मोठा. लेबलावर रोजच्या गरजेचे टक्के काढताना वरून घातलेल्या साखरेसाठी दिवसाला ५० ग्रॅम धरतात, म्हणजे साडेबारा चमचे, तर ही बाटली एकट्याने प्यायली तर दीड दिवसाच्या वर जाते.

चमच्याचं मात्र बघून घ्या. आपल्याकडे चहात साखर शीग लावून टाकतात, तसे मोजाल तर बाटलीत २० पेक्षा बरेच कमी भरतील कारण एकेका चमच्यात जास्त साखर जाते. मला पण शंका होती, म्हणून किराणा दुकानातल्या काट्यावर वाटी ठेवली, काटा शून्यावर आणला आणि चाकूच्या पातीने सपाट केलेले दहा चमचे टाकले, ४१ ग्रॅम भरले. मग तसेच २० चमचे घरच्या पाण्याच्या ग्लासात ओतले तर जवळपास अर्धा ग्लास नुसती कोरडी साखर भरली, पुतण्याने तो ग्लास हातात घेऊन बराच वेळ पाहिला.