उसने पैसे, व्हॉट्सॲप आणि कॉल रेकॉर्डिंग: कोर्टात काय टिकतं

प्रश्न: मित्राला ३ लाख उसने दिले. 'पुढच्या महिन्यात देतो' असा त्याचा व्हॉट्सॲप मेसेज आहे आणि कॉल रेकॉर्डिंगही आहे. स्क्रीनशॉटची प्रिंट काढून दिली तर चालेल का? फोन बदलायचा आहे.

उत्तर: फोन बदला, पण जुना विकू नका आणि रिसेटही करू नका. तुमचा खरा पुरावा तो फोन आहे, स्क्रीनशॉट ही त्याची नक्कल.

मूळ फोनच कोर्टात हजर केला आणि तो माझाच आहे, हे तुम्ही साक्षीत सांगितलंत, तर वेगळं प्रमाणपत्र लागत नाही. पण मग फोन कोर्टात अडकून पडू शकतो, म्हणून बहुतेक जण प्रिंट आणि पेन ड्राइव्ह देतात. तिथे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र हवंच (१ जुलै २०२४ पूर्वीच्या पुरावा कायद्याचं ६५ब). नमुना कायद्याच्या परिशिष्टातच आहे: भाग अ तुम्ही भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. भाग ब कोणाचा चालवून घेतात, हे दावा दाखल करण्याआधीच वकिलांना विचारून घ्या.

जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून झालेला खोतकर-गोरंट्याल वाद इथे उपयोगी आहे. उमेदवारी अर्ज दुपारी ३ नंतर घेतले, हे दाखवणाऱ्या व्हिडिओला अधिकारी प्रमाणपत्र देईनात. सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सांगितलं की तोंडी साक्ष प्रमाणपत्राची जागा घेऊ शकत नाही. मात्र मागणाऱ्याने शक्य ते सगळं केलं असेल, तर त्याला सूट मिळते. तुमचा फोन तुमच्याच हातात आहे, तेव्हा ही सूट तुमच्यासाठी नाही.

प्रमाणपत्रात फाइलचा हॅशही, म्हणजे फाइलवरून निघणारा तिचा ठसा, लिहावा लागतो. रेकॉर्डिंग केबलने कॉम्प्युटरवर घ्या आणि विंडोजमध्ये त्याच फोल्डरमधून कमांड प्रॉम्प्टवर हे चालवा:

```
certutil -hashfile call.m4a SHA256
```

६४ अक्षरांचा आकडा येईल. सुरुवातीची शांतता कापली किंवा एमपी३ केलं, की आकडा पूर्ण बदलतो. म्हणून मूळ फाइलला हात लावू नका; कापलेला तुकडा ऐकवायचा असेल तर तो वेगळा द्या, मूळ फाइल पूर्ण ठेवून.

आता प्रमाणपत्राने फक्त दार उघडतं. मेसेज त्यानेच पाठवला, हे वेगळं सिद्ध करावं लागतं, आणि लोक नेमके इथेच घसरतात. स्क्रीनशॉटवर वर 'राजू' दिसतं, पण ते नाव तुम्हीच सेव्ह केलेलं असतं. उलटतपासात पहिला प्रश्न हाच. त्यामुळे कॉन्टॅक्ट उघडून नंबर दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, आणि तो नंबर त्याचाच आहे हे दाखवणारं काही जोडा. आधीचे-नंतरचे मेसेजही ठेवा, एकटं वाक्य संशयास्पद वाटतं. ३ लाख गेल्याचं बँक स्टेटमेंट तारखेसकट शेजारी ठेवलं की मेसेजला अर्थ येतो.

रेकॉर्डिंगचंही तसंच. सुप्रीम कोर्टाच्या आर. एम. मलकानी निकालापासूनची (१९७३) कसोटी अशी: विषयाशी संबंध, आवाजाची ओळख, छेडछाड नसल्याची खात्री. त्याचा आवाज ओळखणारा तिसरा साक्षीदार असेल तर बरं. बोलणं शब्दशः लिहून वेळेसकट सोबत द्या, कोर्टात दरवेळी ऐकवत बसायला कोणी तयार नसतं.

हे सगळं उलट्या बाजूनेही लक्षात ठेवा: त्याने प्रमाणपत्राविना स्क्रीनशॉट दिले, तर कोर्ट त्यांना पुरावा म्हणून निशाणी क्रमांक देतानाच हरकत घ्या. अपिलात ती हरकत सहसा ऐकून घेत नाहीत.