पाठवलेल्या रेझ्युमेतील चुकीची तारीख रिक्रूटरला कशी कळवावी

प्रश्न: तीन दिवसांपूर्वी एका रिक्रूटरला ईमेलने रेझ्युमे पाठवला. आज पुन्हा वाचताना दिसले की आधीची नोकरी मी ऑगस्ट 2021 मध्ये सोडली असताना तिथे ऑगस्ट 2022 असे पडले आहे. पुढची नोकरी ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली. हे कळवावे की तसेच राहू द्यावे? कळवायचे तर नेमके काय लिहावे?

उत्तर:

कळवा, आणि आजच कळवा. रेझ्युमेतील प्रत्येक चूक ईमेल लिहिण्याइतकी मोठी नसते. एखादे विरामचिन्ह सुटले असेल किंवा एखाद्या शब्दाचे ऱ्हस्व-दीर्घ चुकले असेल, तर ते पुढच्या प्रतीत गुपचूप सुधारावे आणि रिक्रूटरला त्याचा त्रास देऊ नये. मात्र संपर्काचा क्रमांक, पदाचे नाव, पदवी आणि नोकरीचा कालावधी या गोष्टी वेगळ्या आहेत, कारण त्यांवरून निवडीचा निर्णय होतो आणि पुढे त्यांची कागदपत्रांशी पडताळणीही होते.

तुमची चूक तर तुमच्या फायद्याच्या बाजूने झुकलेली आहे. दोन नोकऱ्यांमध्ये प्रत्यक्षात सुमारे चौदा महिन्यांचे अंतर आहे आणि रेझ्युमेत ते दोन महिन्यांचे दिसते. भरतीची प्रक्रिया मी बरीच वर्षे आतून पाहत आलो आहे. अशा ठिकाणी वाचणाऱ्याच्या मनात पहिली शंका टंकलेखनाची येत नाही, अंतर झाकल्याची येते. ऑफर निघाल्यावर पडताळणी होते, जुनी कंपनी नोकरी सोडल्याची खरी तारीख सांगते, आणि त्या वेळी दिलेले खरे स्पष्टीकरणही सबबीसारखे वाटते. तीच गोष्ट कोणी विचारण्याआधी तुम्ही स्वतः सांगितली, तर ती केवळ एका आकड्याची दुरुस्ती ठरते.

ईमेल लिहायला बसण्याआधी मात्र अर्धा तास काढून संपूर्ण रेझ्युमे नियुक्तीपत्रे, अनुभवपत्रे आणि गुणपत्रिका समोर ठेवून तपासा. एक दुरुस्ती कोणाच्या लक्षातही राहत नाही, पण चार दिवसांनी दुसरी आली की संपूर्ण रेझ्युमेवरचाच विश्वास डळमळतो. विशेषतः त्या चुकीच्या तारखेवरून आणखी काही काढले गेले आहे का, ते पाहा. समजा ती नोकरी जून 2018 मध्ये सुरू झाली होती. मग तिचा खरा कालावधी तीन वर्षांहून थोडा अधिक होतो आणि रेझ्युमेप्रमाणे तो चार वर्षांच्या पुढे जातो. सर्वांत वर एकूण अनुभवाची वर्षे लिहिली असतील आणि ती याच चुकीच्या तारखांवरून मोजलेली असतील, तर तो आकडाही बदलावा लागेल, आणि लोक बहुधा हाच विसरतात. ही बेरीज जाहिरातीत मागितलेल्या किमान अनुभवाच्या खाली जात असली तरीही ती बदलावी.

दुरुस्त प्रतीत या बदलांव्यतिरिक्त काहीही हलवू नका. फाइल उघडलीच आहे तर दोन कौशल्ये वाढवावीत आणि एखादे वाक्य अधिक झळकदार करावे, असा मोह होतो. परंतु रिक्रूटरने दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या आणि तुम्ही न सांगितलेले फरक त्याला दिसले, तर सांगितलेल्या फरकाबद्दलही प्रश्न निर्माण होतो.

ईमेल नव्याने सुरू न करता, ज्या ईमेलसोबत रेझ्युमे पाठवला होता त्यालाच उत्तर म्हणून पाठवा आणि विषयाची ओळ तशीच राहू द्या. म्हणजे जुनी प्रत आणि तिची दुरुस्ती एकाच ठिकाणी सापडतात. विषय बदलला, तर जीमेलसारख्या सेवेत तो संवाद वेगळा पडतो. उत्तर देताना जुनी जोडलेली फाइल आपोआप सोबत जात नाही, त्यामुळे नवी प्रत आठवणीने जोडा आणि तिच्या नावात ‘दुरुस्त’ असा शब्द किंवा तारीख घाला. मजकूर एवढा पुरे:

> नमस्कार,
>
> मी सोमवारी पाठवलेल्या रेझ्युमेत एका तारखेची चूक राहिली आहे. पहिल्या पानावरील दुसऱ्या नोकरीचा कालावधी ‘जून 2018 ते ऑगस्ट 2022’ असा लिहिला गेला आहे. तो ‘जून 2018 ते ऑगस्ट 2021’ असा आहे. त्यानुसार एकूण अनुभवाचा आकडाही दुरुस्त केला आहे. इतर मजकूर तोच आहे.
>
> दुरुस्त प्रत सोबत जोडली आहे. कृपया आधीच्या प्रतीऐवजी ती वापरावी. तसदीबद्दल क्षमस्व.
>
> (नाव, अर्ज केलेले पद, दूरध्वनी क्रमांक)

यात चुकीचे आणि बरोबर असे दोन्ही कालावधी पूर्ण लिहिले आहेत, आणि ते मुद्दाम. ‘रेझ्युमेत एक छोटा बदल केला आहे, कृपया पाहावे’ असे लिहिले की शोधण्याचे काम वाचणाऱ्यावर पडते, आणि बदल नेमका काय असेल याची शंका विनाकारण वाढते. शिवाय तुमचा रेझ्युमे एव्हाना संबंधित विभागाच्या प्रमुखाकडे गेला असण्याची शक्यता आहे. ईमेल असा नेमका असेल, तर रिक्रूटरला स्वतःचा एक शब्दही न घालता तो पुढे पाठवता येतो. चूक कशी झाली, जुना साचा वापरला होता की घाई होती, हे लिहू नका. कारण जितके लांबते, तितकी चूक मोठी दिसू लागते. क्षमाही एकदाच मागावी. त्या चौदा महिन्यांत काय केले, याचाही खुलासा या ईमेलमध्ये नको. तो कोणी मागितलेला नाही आणि दुरुस्तीसोबत आला की बचावासारखा वाचला जातो. मात्र नवी प्रत पाहून तो प्रश्न येऊ शकतो, म्हणून दोन वाक्यांचे खरे उत्तर तयार ठेवा.

कंपनीच्या संकेतस्थळावरही अर्ज भरला असेल, तर तेथील रकान्यांत तारखा स्वतंत्रपणे नोंदवलेल्या असतात आणि ईमेलने पाठवलेली प्रत त्या बदलत नाही. तेथे दुरुस्तीची सोय असेल तर ती वापरा. नसेल तर दुसरा अर्ज भरून गोंधळ वाढवू नका, वरच्या ईमेलमध्ये ‘अर्जातील तारीखही कृपया बदलावी’ एवढे एक वाक्य वाढवा. लिंक्डइनवर तीच चुकीची तारीख असेल तर तीही त्याच दिवशी बदला. रिक्रूटर भरती संस्थेचा असेल, तर तुमचा रेझ्युमे त्याने कंपनीकडे आधीच दिलेला असू शकतो; अशा वेळी दुरुस्त प्रत तेथपर्यंत पोहोचवण्याची विनंती स्पष्ट शब्दांत करावी लागते.

उत्तर बहुधा ‘मिळाले, धन्यवाद’ एवढेच येईल, किंवा येणारही नाही, आणि केवळ पोच मिळवण्यासाठी पुन्हा लिहिण्याची गरज नाही. मुलाखत ठरली तर दुरुस्त प्रतीच्या छापील प्रती सोबत न्या. समोरच्या व्यक्तीच्या हातात जुनीच प्रत दिसली, तर सुरुवातीलाच ‘या प्रतीत एक तारीख चुकली होती, दुरुस्त प्रत मी ईमेलने पाठवली आहे, ही घ्या’ असे म्हणून ती पुढे करावी आणि लगेच मुलाखतीच्या विषयाकडे वळावे.