उशिरा सुरू होणाऱ्या बैठकीच्या फळ्यावर कोणती म्हण लिहावी?

प्रश्न: आमच्या मंडळाची महिन्याची बैठक दर वेळी अर्धा-पाऊण तास उशिरा सुरू होते. शब्द पाळणं, वेळ पाळणं यावर फळ्यावर लिहिण्यासारख्या मराठी म्हणी सांगाल का? आम्ही जळगावकडचे.

उत्तर:

म्हण निवडण्याआधी फळा वाचतं कोण, ते बघा. साडेपाचच्या बैठकीत साडेपाचला फळ्यासमोर बसलेले असतात ते वेळेवर आलेले लोक. उशिरा येणारा सहानंतर मान खाली घालून शिरतो, मागची खुर्ची धरतो आणि फळ्याकडे बघतही नाही. म्हणजे उशिराबद्दल टोचणारी म्हण लिहिली, तर ती नेमकी ज्यांची चूक नाही त्यांनाच टोचते.

म्हणून फळ्यावर मी एकच लिहीन: ‘बोले तैसा चाले, त्याची वंदावी पाऊले.’ तुकोबांच्या अभंगातली ही ओळ आता म्हणच झाली आहे. ती मंडळाने स्वतःला लावायची आहे. ‘रविवारी साडेपाच वाजता’ असा निरोप ग्रुपवर जातो, तो चिटणीसांनी सगळ्यांना दिलेला शब्द असतो. साडेपाचला आलेल्यांना बसवून ठेवून न आलेल्यांची वाट पाहिली, की तो शब्द पहिल्यांदा मोडतो तो मंडळाकडूनच. पुढच्या महिन्यात वेळेवर येणाराही मनात हिशेब करतो, ‘सहाशिवाय काही सुरू होत नाही’, आणि पावणेसहाला घरातून निघतो. उशीर वाढतो तो असा.

समजा पंचवीस सभासद आहेत, त्यातले बारा साडेपाचला हजर आहेत आणि बैठक सुरू झाली सहा वाजून दहा मिनिटांनी. बारा माणसांची प्रत्येकी चाळीस मिनिटं म्हणजे ४८० मिनिटं. जुन्या मोजणीत एक घटका २४ मिनिटांची, म्हणजे एका संध्याकाळी मंडळाने आपल्याच माणसांच्या वीस घटका घालवल्या. फळ्यावर दुसरी ओळ हवीच असेल, तर इथे ‘घटका गेली, पळे गेली, तास वाजे ठणाणा’ हा चरण चपखल बसतो. एक पळ २४ सेकंदांचं आणि साठ पळांची एक घटका, हेही खाली लिहा. मुलांना ते माहीत नसतं. घटका मोजायची ती पाण्यात सोडलेल्या तांब्याच्या वाटीने. वाटीच्या बुडाला बारीक भोक असतं, त्यातून पाणी वर चढत जातं आणि वाटी भरून बुडाली की एक घटका झाली. मात्र ‘घटका भरली’ एवढंच लिहू नका. आपल्याकडे तो शब्दप्रयोग शेवट जवळ आल्याबद्दल वापरतात, बैठकीच्या फळ्यावर तो अभद्र वाटेल.

आता ग्रुपवरच्या उत्तरांकडे बघा, कारण शब्द मोडायला सुरुवात तिथूनच होते. ‘जमलं तर येतो’ ही गाजराची पुंगी आहे: वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली. असं उत्तर देणारा शब्द देतच नाही, मग तो पाळणार कसला? दुसरा प्रकार ‘उनूच भो!’ म्हणणाऱ्यांचा. ते लिहिताना माणूस अजून दुकानाचं शटर ओढत असतो. याला ‘बोलाचीच कढी, बोलाचाच भात’ म्हणतात, आणि पुढचा प्रश्नही विचारायला हवा: जेवून तृप्त कोण झाला? या दोन म्हणी फळ्यावर नकोत, निरोपात चालतील, कारण तिथे त्या कुणा एकावर रोखलेल्या नसतात. त्यासोबत उत्तराचे तीनच पर्याय द्या: येतो, येत नाही, किंवा अमुक वाजता पोहोचतो. ‘सव्वासहाला पोहोचतो’ म्हणणारा सव्वासहाला आला, तर त्याने शब्द पाळला. त्याला उशिरा आलेल्यांत मोजू नका. हा फरक केला नाही, तर लोक खरी वेळ सांगायचंच बंद करतात.

तयारीच्या उशिरासाठी वेगळी म्हण आहे, ‘बैल गेला नि झोपा केला’. पुष्कळांना वाटतं की बैल गेल्यावर मालक झोपला. इथला झोपा म्हणजे गोठ्याचं काट्याकुट्यांचं दार. बैल निघून गेल्यावर दार लावून उपयोग काय, असा तिचा अर्थ. हॉलची किल्ली एकाकडे, माईक दुसऱ्याच्या घरी आणि खुर्च्या रचायला सुरुवात साडेपाचला, अशी गत असेल तर सभासद वेळेवर येऊनही बैठक उशिराच सुरू होणार. किल्लीवाला पाच वाजता हजर हवा, सव्वापाचपर्यंत खुर्च्या मांडून व्हाव्यात आणि पाच-वीसला माईकवर दोन वाक्यं बोलून बघावीत. ही म्हण किल्ली आणि माईक ज्यांच्याकडे आहे त्यांच्या ग्रुपवर टाका. इतरांना तिची गरज नाही.

गणसंख्या भरत नाही म्हणून थांबावं लागतं, अशी अडचण बहुतेक मंडळं सांगतात. नोंदणीकृत संस्थेत ठरावाला गणसंख्या लागते, हे बरोबरच आहे. पण बोलायला, ऐकायला ती लागत नाही. म्हणून पहिली वीस मिनिटं ठराव नसलेला, तरी ऐकावासा वाटेल असा विषय ठेवा: गावातल्या पाण्याची माहिती, सहलीचं नियोजन, एखाद्या जाणकाराचे चार शब्द. ठराव पाच-पन्नासला घ्या. उशिरा आलेल्यासाठी झालेलं पुन्हा सांगत बसू नका, त्याला चहाच्या वेळी शेजारचा सांगेल.

एक गोष्ट कुठल्याच म्हणीने सुटणार नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये साडेपाचला रस्ता तापलेला असतो आणि माणूस उन्हं उतरेपर्यंत बाहेर पडत नाही. अशा महिन्यात साडेपाच लिहिणं म्हणजे ‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार’. उन्हाळ्यापुरती वेळ सात करा. गावाच्या आठवडे बाजाराचा दिवसही टाळा, दुकानदार सभासद त्या दिवशी खरोखरच सुटू शकत नाहीत. पाळता येणार नाही ती वेळ जाहीर करणाऱ्याने आधी स्वतःचा शब्द कच्चा ठेवलेला असतो.

दोन म्हणी मात्र लिहूच नका. ‘वेळ नाही वखत अन् गाढव चाललं भुकत’ ऐकायला खुसखुशीत आहे, पण उशिरा आलेल्या वडीलधाऱ्या माणसाला ती गाढव ठरवते. एकदा मान दुखावला की तो पुढच्या बैठकीला यायचाच नाही. दुसरी ‘प्राण जाए पर वचन न जाए’. तिच्यामागे दशरथाचा मृत्यू आणि रामाचा वनवास आहे. चहा-बिस्किटांच्या बैठकीला ती लावली की सगळे हसतात आणि वेळेचा मुद्दा त्या हसण्यात वाहून जातो.

फळ्यावरची ओळ दर महिन्याला बदलू नका, नाही तर ती सुविचार होऊन बसते आणि कुणी वाचत नाही. तीन महिने तीच ठेवा आणि इतिवृत्ताच्या पहिल्या ओळीत दोन वेळा लिहा: ठरलेली आणि प्रत्यक्ष सुरू झालेली. पुढच्या बैठकीत इतिवृत्त वाचताना दोन्ही मोठ्याने वाचा, कुणाचं नाव घेऊ नका. तिसऱ्या महिन्यापर्यंत फरक पाच मिनिटांच्या आत आला तर ओळ पुसून टाका. नाही आला, तर पहिल्या वीस मिनिटांत ठेवलेला विषय बदला.