धर्म बाहेरून आला, पण मालक सोबत आला नाही

प्रश्न: इथिओपिया एवढ्या जुन्या काळी ख्रिश्चन कसं काय झालं? आणि ख्रिश्चन होऊनही युरोपातल्या कोणाच्या ताब्यात का नाही गेलं?

याचं मूळ अक्सुमच्या राज्यात आहे, म्हणजे आजच्या उत्तर इथिओपिया-इरिट्रियाचा डोंगरी भाग. राजधानी समुद्रापासून लांब, दोन हजार मीटरच्या वर पठारावर, आणि खाली तांबड्या समुद्रावर अदुलिस नावाचं बंदर. हस्तिदंत आणि सोनं इथून बाहेर जायचं, रोमन व्यापारी इथे यायचे. चौथ्या शतकात त्यांच्यातले बरेच ख्रिश्चन होते.

आता मुख्य गोष्ट. आजच्या लेबनॉनमधल्या टायर शहरातला एक विद्वान प्रवासी दोन मुलांना घेऊन जहाजाने निघाला होता, परतीच्या वाटेवर जहाज बंदराला लागलं तेव्हा स्थानिकांनी हल्ला करून सगळ्यांना मारलं, वाचली फक्त ती दोन मुलं, फ्रुमेंशियस आणि एडेशियस. त्यांना राजाकडे नेलं. पुढे एडेशियस राजाला पेय देणारा सेवक झाला, आणि फ्रुमेंशियस हुशार म्हणून त्याच्याकडे खजिना आणि पत्रव्यवहार आला. राजा वारला तेव्हा राजपुत्र लहान, राणीने दोघांना विनंती केली की मुलगा मोठा होईपर्यंत कारभारात मदत करा. त्या काळात फ्रुमेंशियसने रोमन व्यापाऱ्यांमधले ख्रिश्चन शोधून काढले आणि त्यांना प्रार्थनेच्या जागा बांधायला मदत केली. राजपुत्र मोठा झाल्यावर एडेशियस घरी गेला, पण फ्रुमेंशियस गेला इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाला, तिथल्या मुख्य बिशपला, अथेनेशियसला म्हणाला की या देशाला बिशप द्या. अथेनेशियसने त्यालाच बिशप करून परत पाठवलं. ही हकीकत रुफिनस नावाच्या लेखकाने खुद्द एडेशियसकडून ऐकून लिहिलीय.

ही नुसती दंतकथा नाही हे नाण्यांवरून कळतं. अक्सुमचा त्या काळचा राजा एझाना याच्या सुरुवातीच्या नाण्यांवर चंद्रकोर आणि गोल बिंब आहे, त्याच्याच नंतरच्या नाण्यांवर त्या जागी क्रॉस येतो. शिलालेखांचंही तसंच, आधीच्या लेखांत तो स्वतःला महरेम या युद्धदेवाचा पुत्र म्हणवतो, नंतर तो उल्लेख जातो आणि 'स्वर्गाचा स्वामी' येतो. अर्थात हे दरबाराचं झालं, गावागावात धर्म पोचायला पुढची दोन-तीनशे वर्षं आणि मठातले साधू लागले.

माझ्या मते तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर याच्यातच आहे. इथे धर्म कुठल्या सैन्यामागून आला नाही, राजानेच स्वीकारला, त्यामुळे धर्माच्या नावाने हुकूम सोडायला बाहेरचा कोणी हक्कदार नव्हता. प्रयत्न मात्र लगेच झाला! साधारण ३५६ मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टँटियसने एझाना आणि त्याच्या भावाला पत्र लिहिलं की फ्रुमेंशियसला अलेक्झांड्रियाला पाठवा, आमचा नवा बिशप त्याची तपासणी करेल (अथेनेशियसशी सम्राटाचं वाकडं होतं). अक्सुमने तसं केल्याचा काहीच पुरावा नाही, आणि इथिओपियाचं चर्च आजही फ्रुमेंशियसलाच आपला पहिला बिशप मानतं.

असाच प्रसंग सुमारे बाराशे वर्षांनी पुन्हा आला आणि त्यात गोवा आहे. १५२९ पासून शेजारच्या अदल या मुस्लिम राज्याच्या इमाम अहमदच्या फौजांनी इथिओपिया जवळपास जिंकत आणला होता, तेव्हा १५४१ मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नरने आपला भाऊ क्रिस्तोव्हाव द गामा (वास्को द गामाचा मुलगा) सुमारे ४०० बंदूकधारी देऊन मदतीला पाठवला. तो स्वतः मारला गेला, पण १५४३ मध्ये अहमद पडला आणि राज्य वाचलं. मग त्या उपकाराच्या मागून जेझुइट, म्हणजे कॅथलिक धर्मप्रचारक, आले. १६२२ मध्ये सुसेन्योस राजा उघडपणे कॅथलिक झाला, रोमने पाठवलेला मेंदेश पॅट्रिआर्क, म्हणजे चर्चचा प्रमुख, म्हणून आला आणि त्याने लोकांना नव्याने बाप्तिस्मा, पुजाऱ्यांना नव्याने दीक्षा, शनिवार पवित्र दिवस म्हणून पाळणं बंद असं सगळं एकदम सुरू केलं. बंडं उठली, हजारो माणसं मेली, सगळी त्याच देशाची, आणि १६३२ मध्ये राजाने स्वतः जुना धर्म परत दिला. मुलगा फासिलिदेस गादीवर आला, त्याने जेझुइटांना बाहेर काढलं आणि तांबड्या समुद्रावरच्या तुर्की पाशांशी बोलून त्यांची परतीची वाटही बंद केली, मेंदेश शेवटी गोव्यात येऊन राहिला. ज्यांनी राज्य वाचवलं त्यांनाही धर्मात हात घालू दिला नाही, हे मला फार मोठं वाटतं.

पण सगळं श्रेय धर्माला देऊ नका. पठाराचे कडे चढून सैन्य आणणं अवघड होतं, आणि १८९६ ला अडवा इथे इटलीचा पराभव झाला तो सम्राट मेनेलिकने जमवलेल्या बंदुका-तोफांमुळे आणि वेगवेगळे सरदार एकत्र आले म्हणून. १९३६ ते १९४१ इटलीने देश व्यापलाच होता, विषारी वायू वापरून. आणि चर्चही पूर्ण स्वतंत्र नव्हतं, मुख्य बिशप शेकडो वर्षं इजिप्तमधूनच यायचा, स्वतःचा पॅट्रिआर्क मिळाला तो थेट १९५९ मध्ये.