पारापाशी खाली वळावे, हे हिंदीत कसे सांगावे?

प्रश्न: गणपतीपुळ्याच्या अलीकडे वाडीत आमचे घरगुती निवास आहे. येण्याचा रस्ता मराठीत लिहून ठेवला आहे, तो इंदूर-भोपाळकडच्या पाहुण्यांसाठी हिंदीत करायचा आहे. आहे तसा हिंदीत केला तर माणसे भलतीकडेच जातात. मजकूर असा: ‘निवळी फाट्यावरून आत यावे. जाकादेवी, चाफे करत सड्यावर आलात की पुढे उतार लागतो. चिरेखाण सोडून पारापाशी खाली वळावे. साकवाच्या पलीकडे देवळामागून पाखाडीने वर आलात की दुसरा गडगा आमचा.’

उत्तर:

हा मजकूर रत्नागिरीतल्या माणसाला पुरेसा आहे; तो विचारत विचारत बरोबर दारात येईल. अडचण अशी की तो घराकडून पाहून लिहिलेला आहे आणि पाहुणा तो गाडीत बसून वाचणार आहे. म्हणून थेट हिंदीला हात घालू नये. आधी हाच रस्ता गाडी चालवणाऱ्याच्या जागेवरून मराठीतच पुन्हा लिहावा आणि मग त्या दुसऱ्या मजकुराचे भाषांतर करावे. माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक काम या पहिल्या टप्प्यातच होते.

‘आत यावे’ हेच पाहा. आपल्याकडे महामार्ग सोडून समुद्राकडे वळणे म्हणजे आत येणे, हे सांगावे लागत नाही. पाहुण्याला मात्र डावे की उजवे एवढेच कळते, आणि ते तो कुठून येतो यावर ठरते. मुंबईकडून येणाऱ्याला निवळीला उजवीकडे वळायचे असते, तर कोल्हापूर किंवा गोव्याकडून हातखंब्यावरून येणाऱ्याला डावीकडे. त्यामुळे दोन्ही बाजू लिहाव्या लागतात. महामार्गाचा क्रमांकही पाटीवर आहे तोच, म्हणजे ६६, असा द्यावा. जुन्या सवयीने १७ लिहिले तर पाहुणा नसलेली पाटी शोधत बसेल.

दुसरी अडचण ‘वर’ आणि ‘खाली’ यांची. कोकणात सगळी जमीनच चढउताराची, त्यामुळे खालची वाडी, वरचे आगर असे आपण दिशेसारखे बोलतो. सपाट मुलखातल्या माणसाला त्यातून वळण कळत नाही, आणि हिंदी वाचकाला ‘खाली’ म्हणजे रिकामे. तेव्हा वळणाची बाजू आधी सांगावी आणि उतार ही नुसती खूण म्हणून जोडावी: ‘दाएँ मुड़ें, सड़क नीचे उतरती है.’

तुमच्या मजकुरातले इतर शब्दही असेच घात करतात, कारण लिपी एकच असल्यामुळे हिंदी वाचक ते न अडखळता वाचतो आणि भलताच अर्थ घेतो. ‘सडा’ त्याला सडलेला वाटेल, ‘फाटा’ फाटलेला आणि ‘पार’ म्हणजे पलीकडे. ‘पार के पास मुड़ें’ हे वाक्य त्याच्या दृष्टीने अर्धवटच आहे. साकव, पाखाडी, गडगा हे शब्द त्याने ऐकलेलेच नसतात. अशा ठिकाणी प्रतिशब्द शोधण्यापेक्षा ती वस्तू काचेतून कशी दिसते ते लिहावे: झाडाभोवतीचा दगडी चबुतरा, पायी जाण्याचा लहान पूल, दगडी पायऱ्या, चिऱ्याची कुंपणभिंत. विचारण्याची वेळ आली तर उपयोगी पडावा म्हणून मूळ शब्द अवतरणात एकदाच ठेवावा, कारण वाटेत भेटणारी आजी ‘चबूतरा’ नव्हे, ‘पार’च म्हणणार. पाटीवरच्या गावांच्या नावांना मात्र हात लावू नये. ‘निवळी’ला ‘निवली’ केले की हिंदी उच्चार सोपा होतो, पण पाटीवरचे अक्षर जुळत नाही.

आता खुणांविषयी. चिरेखाण ही ‘येथे वळू नका’ एवढ्यापुरतीच खूण ठेवावी, कारण खाण बंद पडते, पावसाळ्यात तिच्यात पाणी साचते आणि मग ती खाण आहे हे परक्याला ओळखता येत नाही. जून ते सप्टेंबरात गडग्यावर एवढे रान माजते की बसल्या जागेवरून भिंत दिसतच नाही. म्हणून शेवटची खूण गडगा नव्हे, फाटक असावे आणि त्यावर निवासाचे नाव रंगवावे. ‘हाकेच्या अंतरावर’, ‘पाच मिनिटांवर’ असले काहीही हिंदीत नेऊ नये. चाफ्याच्या तिठ्यावर गाडीचा मीटर शून्यावर आणून अंतरे एकदा स्वतः मोजावीत.

तुमच्या मजकुरात सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र लिहिलेलीच नाही: गाडी कुठे थांबवायची? साकवावरून चारचाकी जात नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, पाहुण्याला नाही. त्यातच तुम्ही पाठवलेली खूण नकाशा जवळच्या मोटाररस्त्याशी जोडतो, आणि व्हाळाकाठच्या घराच्या बाबतीत तो रस्ता बऱ्याचदा पलीकडच्या काठावरचा असतो. तेव्हा नकाशातली खूण घराची न देता पाराच्या पुढच्या गाडी लावण्याच्या जागेची द्यावी.

हे सगळे धरून हिंदी मजकूर साधारण असा होईल. अंतरे, डावे-उजवे आणि शाळा ही नमुन्यादाखल आहेत, ती तुमची घालावीत.

‘मुंबई की ओर से आ रहे हों तो राष्ट्रीय राजमार्ग ६६ पर निवळी में दाएँ मुड़ें, गोवा या कोल्हापुर की ओर से आ रहे हों तो हातखंबा के बाद निवळी में बाएँ। पहले जाकादेवी, फिर चाफे आएगा। चाफे के तिराहे पर मीटर शून्य कर लें और गणपतीपुळे की ओर चलें। खुले पथरीले मैदान के बाद, लगभग ४ किलोमीटर पर ढलान शुरू होगी। बाएँ हाथ लाल पत्थर की खदान दिखे तो वहाँ न मुड़ें। उससे ३०० मीटर आगे, दाएँ हाथ, बड़ा बरगद है जिसके चारों ओर पत्थर का चबूतरा है (यहाँ इसे ‘पार’ कहते हैं)। उसके ठीक बाद दाएँ मुड़ें, सड़क नीचे उतरती है। अगर बाएँ हाथ स्कूल आ गया, तो आप आगे निकल गए हैं। मुड़ने के बाद २०० मीटर पर गाड़ी खड़ी कर दें। आगे पैदल: छोटा पुल पार करें, मंदिर के पीछे से पत्थर की सीढ़ियाँ चढ़ें; ऊपर बाएँ हाथ दूसरा फाटक हमारा है।’

शाळेचे वाक्य गाळू नये. चुकलेल्या माणसाला आपण चुकलो हे कळवणारी खूण मूळ मजकुरात कधीच नसते, कारण गावचा माणूस तिथे चुकत नाही. आणि उतारावर रेंज गेली की तुम्हाला फोन करून विचारण्याचीही सोय राहत नाही.

गुहागरकडून तवसाळ-जयगड फेरीबोटीने येणाऱ्यांसाठी वेगळा परिच्छेद करावा, वरच्याच मजकुरात कंस घालून भागवू नये. ते उत्तरेकडून येतात, त्यांना चाफे लागेलच असे नाही, आणि ते तुमच्या वळणापाशी उलट्या बाजूने चढ चढत आले तर शाळा आधी, पार नंतर आणि वळण डावीकडे असा सगळा क्रम फिरतो.

मजकूर तयार झाला की वाडीत न राहिलेल्या, हिंदी बोलणाऱ्या माणसाला तो द्यावा. खाणीवरचा किंवा बांधकामावरचा परप्रांतीय कामगारही चालेल. त्याला कागदावर रस्त्याची रेघ काढायला सांगावी आणि आपण मध्ये बोलू नये. पेन्सिल जिथे थांबेल ते वाक्य पुन्हा लिहावे.